चिपळूणच्या काकांना उत्तर: चामडं, सिंथेटिक आणि माळ्यावरचा बुरा

"तुमचा पावसाळी चपलांवरचा लेख वाचला. 'जूनमध्ये चामडं माळ्यावर आणि प्लास्टिक पायात' असं लिहिणाऱ्याने चिपळूणचा पाऊस पाहिलेला नाही. मी चाळीस वर्षं नोकरी चामड्याच्याच बुटांत केली, पाय ठणठणीत आहेत. तुमचं वाचून मुलाने सिंथेटिक बूट घेतले, महिन्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या आणि दाराशी उभं राहवत नाही इतका वास. तुमच्या सांगण्यावरून माळ्यावर टाकलेली माझी कोल्हापुरी गणपतीत काढली तर पांढरा बुरा आणि मध्ये काळे डाग. सल्ले देण्याआधी जरा अनुभव घ्यावा."

काका, माळ्याचा सल्ला चुकला, हे आधी कबूल करते. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आमचा डोंबिवलीतला माळा होता. तो स्वयंपाकघराच्या वर आहे, खालून रोज दोन वेळा गॅसची ऊब लागते आणि त्याला दारही नाही. बहुतेक घरांतला माळा थेट स्लॅबखाली असतो. तिथे झिरपतं, वारा लागत नाही आणि सामान खच्चून भरलेलं असतं. दमट हवेत चामडं कोंडून ठेवायला याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही. लेखातलं ते वाक्य आज बदललं आहे.

अनुभवाचं म्हणाल तर मी बारा वर्षं धारावीत बुटांच्या अप्परचं जॉबवर्क करणाऱ्या एका कारखान्यात होते. चामडं कापण्यापासून शिलाईपर्यंत सगळं हाताखालून गेलंय. तरी चिपळूणला पावसाळा काढलेला नाही, हे खरं.

आता तुमच्या चाळीस वर्षांबद्दल. ती मला पटतात, पण तुम्ही त्याचं जे कारण धरलंय ते अर्धंच आहे. चामडं घाम पितं, त्यामुळे पाय कोरडा राहतो. सिंथेटिक अप्पर घाम पीत नाही, तो मोज्यात आणि कातडीवरच राहतो. इथवर तुमचं बरोबर. पण चामडं घाम पितं ते स्वतः कोरडं असेपर्यंतच. एकदा पावसाने भिजून पोटभर पाणी प्यायलेला बूट तुमचा घाम कुठे घेणार? त्या दिवशी चामड्याचा आणि प्लास्टिकचा बूट पायाला सारखेच. म्हणून मला विचारायचंय की त्या चाळीस वर्षांत तुमच्याकडे एका वेळी किती जोड होते? माझा अंदाज आहे की दोन तरी असतील आणि काल भिजलेला आज पायात जात नसेल. तुमचे पाय ज्याने राखले ते चामडं नसून तो एक दिवसाआडचा आराम असावा.

हे नुसतं तोंडी नको म्हणून मागच्या जुलैत मी स्वयंपाकघरातला वजनकाटा बाहेर काढला. (घरच्यांनी बूट काट्यावर पाहून जे बोललं ते इथे लिहीत नाही. खाली कागद घातला होता.) माझे ऑफिसचे क्रोमच्या, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेल्या, चामड्याचे बूट आणि नवऱ्याचे जाळीचे स्पोर्ट्स शूज एकाच संध्याकाळी, स्टेशनपासून घरापर्यंतच्या घोटाभर पाण्यात भिजले. माझा एक बूट कोरडा असताना ४३२ ग्रॅम भरायचा, घरी आल्यावर ५५१ भरला. म्हणजे एका बुटाने जवळजवळ १२० ग्रॅम पाणी धरलं होतं, अर्ध्या पेल्याहून जास्त. लेस पूर्ण काढली, जीभ बाहेर ओढली, आत वर्तमानपत्राचे बोळे भरले, पंख्याखाली कुशीवर आडवे ठेवले. बोळे पहिल्या तीन तासांत दोनदा बदलले, नंतर झोपताना एकदा. दुसऱ्या दिवशी सकाळी ४९७, तिसऱ्या दिवशी ४६३, चौथ्या दिवशी ४४९. त्यानंतर काटा ४४६ वर येऊन बसला तो हलेचना. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात तोच बूट पुन्हा ४३३ झाला.

त्या ४४६ ला मला काही दिवस समजेना. बूट हाताला कोरडा, आत बोट फिरवलं तरी कोरडा, मग वरचे चौदा ग्रॅम कशाचे? ते हवेतल्या पाण्याचे. चामडं आजूबाजूच्या हवेशी बरोबरी करून घेतं. हवा दमट असेल तर ते तेवढं ओलं राहणारच, भिजवा किंवा न भिजवा. जुलैत कोकणपट्टीत चामडं उन्हाळ्याइतकं वाळवायचं म्हटलं तर ते वाळत नाही, तो प्रयत्न सोडून द्यायचा. वजन दोन दिवस एका जागी थांबलं की बूट झाला, घालायला हरकत नाही. हा काट्याचा प्रयोग एकदा करून पाहा. आपल्या घरात आपल्या बुटाला किती दिवस लागतात ते एकदा कळलं की पुढे अंदाज चुकत नाही. माझा बूट चौथ्या दिवशी जवळजवळ तिथे पोचला होता, म्हणजे खरं तर मला दोन नाही, तीन जोड लागतात.

स्पोर्ट्स शूजचं मात्र मी मुद्दाम वेगळं केलं. उजव्या बुटातला सुखतळा काढून बुटाशेजारी उभा ठेवला, डाव्यातला तसाच आत राहू दिला. बाकी पंखा तोच, कागद तोच. भिजलेले दोन्ही ४३० च्या आसपास होते, मूळ वजन २८५. सकाळी उजवा, त्याच्या सुखतळ्यासकट, २९६ वर आला होता. डावा ३७१. वरून जाळी दोन्हींची सारखी कोरडी लागत होती. डाव्यात अंगठ्याच्या जागी हात घालून दाबलं तर फोममधून पाणी वर आलं.

तुमच्या मुलाच्या पायाचं उत्तर मला या डाव्या बुटात दिसतं. सिंथेटिक बुटाचा वरचा कपडा पाणी फारसं धरत नाही, पण आत टाचेभोवती, जिभेत आणि सुखतळ्यात फोम असतो आणि तो स्पंजच. बाहेरून वाळलेला दिसतो म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी पाय घालतो, पायाच्या उबेने आतलं पाणी गरम होतं आणि मग दहा तास पाय त्या वाफेत. पावसाळ्यात सिंथेटिक घ्या असं मी लिहिलं तेव्हा माझ्या मनात उघडे सँडल होते, एका तुकड्यातले रबराचे किंवा ईव्हीए नावाच्या हलक्या प्लास्टिकचे. त्यांना ना कापड ना पाणी धरणारा फोम. घरी आलं, नळाखाली धुतलं, फडक्याने पुसलं की पाच मिनिटांत कोरडे. बंद स्पोर्ट्स शूज ही त्यांच्या अगदी उलट टोकाची वस्तू, आणि मी दोघांना एकाच 'सिंथेटिक' शब्दात कोंबलं. तिथे दोष माझाच. क्रम लावायचाच तर पाण्यात चालायचं असेल तर उघडा रबरी सँडल, ऑफिसात बंद बूट सक्तीचे असतील तर क्रोमच्या चामड्याचे दोन-तीन जोड, त्याखाली सुखतळा निघणारे स्पोर्ट्स शूज, आणि सगळ्यात शेवटी ज्यांचा सुखतळा चिकटवलेला आहे असे. दुकानात नखाने सुखतळ्याची टाच उचलून पाहा, उचलली गेली नाही तर पावसाळ्यासाठी तो बूट घेऊ नका. सगळ्यात सोपं म्हणजे ऑफिसचे बूट ऑफिसातच ठेवायचे आणि येता-जाता सँडल. लोकलमध्ये अर्धी मुंबई हेच करते.

चिखल्यांबद्दल एक गैरसमज खूप घरांत असतो आणि तुमच्या लिहिण्यातही तो डोकावला. चपलेवरचा बुरा आणि बेचक्यातल्या चिखल्या ही एकच बुरशी नाही. चामड्यावर येते ती भाकरीवर, भिंतीवर, जुन्या पुस्तकावर येणाऱ्या जातीची. ती चामड्यातल्या तेलावर, घामावर, मळावर जगते. चिखल्यांची बुरशी वेगळी, ती कातडीच्या वरच्या मेलेल्या थरावर जगते, आणि तिला आत शिरायला हवी असते पाण्याने मऊ, पांढरी पडलेली कातडी. कोल्हापुरीवरचा बुरा पुसून पायात घातली म्हणून चिखल्या होत नाहीत. उलट बूट स्वच्छ दिसत असला तरी आत ओला असेल तर होतात.

मुलाला सांगा, घरी आल्यावर पाय धुणं जितकं गरजेचं तितकंच बेचक्यात फडकं घालून एकेक बोट कोरडं करणं. बहुतेक जण पाय धुतात आणि ओल्या पायपुसण्यावर दोनदा आपटून मोकळे होतात. औषधाच्या दुकानात क्लोट्रिमाझोलचं साधं मलम मिळतं. खाज चार-पाच दिवसांत थांबते आणि तिथेच लोक ट्यूब ठेवून देतात. मलम पाकिटावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत, साधारण चार आठवडे, लावत राहावं लागतं, नाहीतर पुढच्या पावसात तेच. आणि दुकानदार 'लवकर गुण येतो' म्हणून जी मिश्रणाची ट्यूब देतो तिच्यात बरेचदा स्टेरॉइड असतं. त्याने लाली आणि खाज चटकन दबते, पण बुरशी आत पसरत राहते. ट्यूब हातात घेऊन त्यावरची नावं वाचा, एकच औषध असलेली मागा. घरात कुणाला मधुमेह असेल तर मात्र मलमाच्या भानगडीत न पडता सरळ डॉक्टरकडे.

वास हे तिसरंच प्रकरण. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. ओल्या उबेत जिवाणू घाम आणि मऊ पडलेली कातडी खातात, त्यातून आंबूस आम्ल तयार होतं, तोच तो वास. म्हणून अत्तर, स्प्रे मारून काही होत नाही. जिवाणूंना ओल नको मिळायला, बस. जाळीचे शूज सुखतळा काढून साबणाच्या पाण्यात घासून धुता येतात, तेवढी एक सोय सिंथेटिकला आहे आणि ती लोक वापरत नाहीत. धुतल्यावर पंखा. खायच्या सोड्याची पुरचुंडी रात्रभर आत ठेवली तर आम्लाचा वास कमी होतो. चामड्यात मात्र सोडा मोकळा टाकू नका, तो त्याचा रंग आणि मऊपणा दोन्ही बिघडवतो. मुलाच्या तळव्यावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडलेले दिसले तर तो जिवाणूंचाच संसर्ग आहे, बुरशीचं मलम त्यावर चालणार नाही. डॉक्टरला दाखवा.

सिंथेटिकची बाजू मी घेते असं तुम्हाला वाटलं, म्हणून माझी एक फजितीही सांगते. घरातल्या एका लग्नासाठी हलके, मऊ तळाचे बूट घेतले होते, दोनदा घातले आणि खोक्यात ठेवले. तीन वर्षांनी जुलैत एका मीटिंगसाठी काढले. वरून नवेकोरे. स्टेशनच्या पुलाच्या अर्ध्यावर टाचेखाली काहीतरी भुगभुगीत लागलं. मागे वळून पाहिलं तर पायऱ्यांवर काळ्या चुऱ्याची रांग. प्लॅटफॉर्मवर पोचेपर्यंत एका पायात नुसतं अप्पर उरलं होतं. त्या दिवशी मीटिंगला मी स्टेशनबाहेरच्या रबरी चपला घालून गेले. असे फेसाळ तळ बहुतेक पॉलियुरेथेनचे असतात आणि हवेतली वाफच त्यांच्या रेणूंची साखळी हळूहळू तोडते. पाण्यात घालायचीही गरज नाही, खोक्यात बसल्या जागी ते कुजतात. पॉलियुरेथेनच्या नकली चामड्याच्या पर्सला पापुद्रे सुटतात तेही याच कारणाने. रबर आणि पीव्हीसीचे तळ असे विरघळत नाहीत. खोक्यातला जुना बूट पायात घालण्याआधी तळाच्या कडेला अंगठ्याने जोरात दाबून वाकवा. चिकट लागला किंवा बारीक भेगा उघडल्या तर घालू नका, मोच्याकडून रबरी तळ बसवून घ्या.

आता कोल्हापुरी. तिला मी कधीच पावसात घालत नाही. क्रोमचं चामडं कसंबसं पाऊस सोसतं, पण कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं असतं, ते पाणी लगेच पितं, फुगतं, तळाचे थर सुटायला लागतात आणि पाय तांबूस होतात. चुकून भिजलीच तर वाळवण्याची घाई करायची नाही. फ्रिजमागे, चुलीपाशी, हीटरसमोर ठेवली की वरचा थर आधी आवळतो, आतलं ओलंच राहतं, आणि उरलीसुरली तेलं निघून गेली की चप्पल पापडासारखी कडक होऊन वर वळते. एकदा वळली की मग सरळ होत नाही. कागदात गुंडाळून, सपाट, वर थोडं वजन ठेवून सावलीत, वाऱ्यात. कागद ओला झाला की बदलायचा.

तुमच्या चपलेवरचं पांढरं तीन गोष्टींपैकी एक असू शकतं. फुंकर मारली किंवा कोरडा ब्रश फिरवला की उडतं, कापसासारखं आहे, कुबट वास आहे, तर बुराच. तसं नसून मेणचट पातळ थर असेल तर केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा जरा लांबून द्या. थर वितळून चामड्यात मुरला तर ते आतून वर आलेलं तेल, त्याने काही बिघडत नाही. बुरा उबेने वितळत नाही. आणि खरखरीत, ओल्या फडक्याने पुसल्यावर जाणारं असेल तर घामाचं मीठ.

बुरा असेल तर चप्पल गच्चीत किंवा अंगणात न्या, घरात झटकू नका, बुरशीची बीजं कपाटभर होतील. आधी कोरड्या ब्रशने, शिलाईच्या खाचांतूनही. मग मेडिकलमधलं स्पिरिट आणि पाणी निम्मंनिम्मं, फडकं त्यात बुडवून घट्ट पिळून पुसा. आधी पट्ट्याच्या आतल्या बाजूला टिकलीएवढ्या जागेवर करून बघा, रंग उतरतो का. नंतर दोन-तीन दिवस वाऱ्यावर. वास गेल्याची खात्री झाल्यावरच तेल. इथे बहुतेकांचं चुकतं. बुरा दिसला की लोक त्यावरच खोबरेल चोळतात, म्हणजे पाहुण्याला जेवायला वाढल्यासारखं. आमच्या गावाकडे वहाणांना तेल पाजायचे ते उन्हाळ्यात, चामडं ठणठणीत वाळलेलं असताना, एरंडेल नाहीतर करडईचं, आणि रात्रभर मुरल्यावर वर राहिलेलं पुसून काढायचे. मेच्या अखेरीस तेवढं केलं की पावसाळाभर पुन्हा तेल नको.

ठेवायची ती जुन्या सुती पिशवीत, राहत्या खोलीच्या कपाटात, वरच्या कप्प्यात. पंधरवड्याला एकदा उघाडी बघून तासभर बाहेर. प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नाही. घट्ट झाकणाचा डबा चालतो, पण एकाच अटीवर. चप्पल मेमध्ये वाळलेली असतानाच त्यात जायला हवी आणि सोबत सिलिका जेलची मूठभर तरी पिशवी हवी. बुटाच्या खोक्यात येते ती एक पुडी कपाटाला पुरत नाही. पूर्वी लोक कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवायचे, तो उपाय खरंच चांगला होता, कारण तो दिवा उजेडापेक्षा ऊबच जास्त द्यायचा. आताचा एलईडीचा झिरो लावून काही उपयोग नाही, तो गरमच होत नाही. डांबरगोळ्या कसरीसाठी आहेत, बुऱ्याला त्या रोखत नाहीत.

राहता राहिले काळे डाग. मला ते बुरशीचे वाटत नाहीत. हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळा रंग करायची जुनी पद्धत तुम्हाला माहीत असेल. हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार. हिरड्यात कमावलेलं दमट चामडं लोखंडाला टेकलं की चपलेवर नेमकं तेच होतं, गंजलेल्या खिळ्याएवढी जागा पुरते. ब्रशने आणि स्पिरिटने हे डाग जाणार नाहीत. ताजे, फिके असतील तर लिंबाचा रस कापसाने लावून पाच मिनिटांनी ओल्या फडक्याने टिपून काढला की बरेच उतरतात, पण आजूबाजूचा रंगही थोडा उजळतो, तेव्हा आधी टाचेकडच्या डागावर करून बघा. खोल गेलेले निघत नाहीत.

माळ्यावर ती कशात ठेवली होती, लोखंडी ट्रंकेत की पत्र्याच्या मांडणीवर, आणि डाग तळाच्या बाजूला जास्त आहेत की पट्ट्यावर, तेवढं कळवा.